विसरलेली गोळी आणि दुसऱ्या दिवशीचा मोह

आषाढ लागला, की सडक अर्जुनीच्या परिसरात घराघरांचे घड्याळच बदलून जाते. रोवणा सुरू होतो. पहाटे पऱ्हे काढायला माणसे बाहेर पडतात, चूल लवकर पेटते, लवकर विझते, आणि एरवी सकाळी आठला चहाबरोबर घेतली जाणारी रक्तदाबाची गोळी कोनाड्यात तशीच राहते. दुपारी बांधीच्या धुऱ्यावर शिदोरी सोडताना आजीला एकदम आठवते. कधी दुपारी आठवत नाही; रात्री अंथरुणावर पाठ टेकताना आठवते. आणि कधी तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रिप हातात घेतल्यावर लक्षात येते की, कालची गोळी कालच्याच जागी आहे. मग मनात प्रश्न उभा राहतो : आता काय करावे? आज दोन घ्याव्यात का?

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आरंभीच सांगतो आणि मग त्यामागचे कारण सविस्तर पाहू. दिवसातून एकदा घ्यायची गोळी विसरली आणि तिच्या नेहमीच्या वेळेपासून बारा तास उलटले नसतील, तर आठवताक्षणी ती घ्यावी. बारा तास उलटून गेले असतील, तर ती गोळी सोडून द्यावी आणि पुढची तिच्या ठरल्या वेळी घ्यावी. दोन गोळ्या एकाच वेळी कधीही घेऊ नयेत. काही थोड्या औषधांना हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. त्यांची गोष्ट पुढे येईलच.

सडक अर्जुनीसारख्या गावी शासकीय दवाखान्यातून रक्तदाबाच्या रुग्णाला जे औषध हाती पडते, ते बहुधा अॅम्लोडिपिन असते. २०१७च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यातील मोजक्या जिल्ह्यांत शेजारचा भंडारा जिल्हा होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र होईपर्यंत आपलाही मुलूख त्याच जिल्ह्यात होता, हे जुन्या वाचकांना सांगावयास नकोच. त्या उपक्रमाने एक साधी, ठरीव पद्धत घालून दिली : थोडीच औषधे, सर्वत्र तीच, आणि रुग्णाला एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन ही त्यांतील मुख्य नावे. म्हणून आपण या तीन गोळ्यांवरच भर देऊ. आपल्या स्ट्रिपवरचे नाव एकदा वाचून घ्यावे. अक्षर बारीक असते. नातवाकडून वाचवून घ्यावे.

आता गोळी चुकते तेव्हा शरीरात नेमके काय घडते?

आपला जिल्हा तलावांचा. नवेगावबांधचा तलाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही गोष्ट चटकन कळेल. तलाव एका पावसात भरत नाही, आणि एक दिवस पाऊस पडला नाही म्हणून आटतही नाही. अॅम्लोडिपिन रक्तात असेच साठते. रोज एक गोळी घेऊ लागल्यावर त्याची पातळी स्थिर होण्यास सुमारे आठवडा लागतो. म्हणूनच गोळी सुरू केल्याच्या दुसऱ्याच दिवशी ‘काही फरक नाही’ असे म्हणणे घाईचे असते. आणि गोळी थांबली, तर रक्तातील औषध निम्म्यावर येण्यास तीस ते पन्नास तास जातात. वयोवृद्धांच्या शरीरात तर त्याहूनही अधिक. म्हणजे आजीने सोमवारी सकाळची गोळी घेतली आणि मंगळवारची विसरली, तरी बुधवारी सकाळी तिच्या रक्तात औषधाचा मोठा हिस्सा काम करीतच असतो. रक्तदाब थोडा वर सरकेल, पण उसळी मारणार नाही. क्लोरथॅलिडोनचेही साधारण असेच आहे. ते तर चाळीस ते साठ तासांनी निम्मे होते. टेल्मिसार्टनला सुमारे चोवीस तास लागतात. लोसार्टन किंवा एनालाप्रिल या गोळ्यांचा असर यांच्या मानाने लवकर ओसरतो, त्यामुळे त्या चुकल्यास आकडा लवकर चढतो; तरीही एका दिवसाच्या चुकीने घाबरून जावे, असे त्यांतही काही नाही.

हे समजून घेण्याचे कारण असे की, विसरलेल्या गोळीपेक्षा तिच्या भरपाईसाठी आपण जे करतो, तेच पुष्कळदा अधिक घातक ठरते.

नियम घड्याळावर ठेवून पाहू. समजा, आजीची वेळ सकाळी आठची आहे आणि औषध अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. तिला दुपारी चारला बांधीत आठवले. आठ तास झाले. घरी येऊन, किंवा गोळी पदराच्या गाठीला बांधून आणली असेल तर तेथेच, पाण्याबरोबर ती घ्यावी. अॅम्लोडिपिन व टेल्मिसार्टन यांना पोटात अन्न असण्याची अट नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा सकाळी आठलाच घ्यावी, ‘काल चारला घेतली म्हणून आज चारला’ असे करू नये. दोन गोळ्यांत सोळा तासांचे अंतर पडले, तर त्याने बिघडत नाही.

आता समजा, रात्री अकराला आठवले. पंधरा तास झाले. ती गोळी सोडावी, निवांत झोपावे, सकाळी आठला नेहमीची एक घ्यावी. पुष्कळांना हे पटत नाही. ‘औषध वाया गेले’ असे वाटते. वाया काही गेलेले नसते. ती गोळी महिन्याच्या शेवटी स्ट्रिपमध्ये शिल्लक राहील आणि तिचा एक उपयोगही आहे, तो पुढे सांगतो.

ज्यांची गोळी दिवसातून दोनदा असते, त्यांनी हाच हिशेब अर्ध्या अंतराचा धरावा. सकाळी आठ आणि रात्री आठ अशी वेळ असेल, तर सकाळची गोळी दुपारी दोनपर्यंत आठवल्यास घ्यावी. त्यानंतर आठवल्यास सोडून रात्रीची एकच घ्यावी.

क्लोरथॅलिडोनच्या बाबतीत मात्र बारा तासांची मुदत मी स्वतः थोडी आखडती धरीन. ही लघवी वाढवणारी गोळी आहे. सायंकाळी सातला आठवली म्हणून घेतली, तर नियमाप्रमाणे चूक नाही. पण रात्री दोन-तीन वेळा उठावे लागेल, अंगणापलीकडच्या शौचालयापर्यंत पावसाळ्यात चिखलातून जावे लागेल, आणि सत्तरीच्या माणसाचे खुब्याचे हाड एका घसरणीत मोडते. तेव्हा दुपारी चारनंतर आठवल्यास ती गोळी त्या दिवसापुरती सोडलेली बरी. ती दीर्घकाळ टिकणारी असल्याने रात्रभरात काही अनर्थ होत नाही.

याहून अवघड प्रसंग वेगळाच असतो. गोळी विसरली, हे ठाऊक असणे ही तशी सोपी स्थिती आहे. ‘घेतली की नाही, तेच आठवत नाही’ ही खरी अडचण. आजोबा म्हणतात, ‘घेतली नसावी.’ सूनबाई म्हणते, ‘बाबा, चहाबरोबर घेतलेली मी पाहिली वाटते.’ दोघांनाही खात्री नाही. अशा वेळी गोळ्या मोजाव्यात. समजा, ५ जुलैला दवाखान्यातून ३० गोळ्या मिळाल्या आणि ६ तारखेपासून नवी स्ट्रिप सुरू केली. आज १८ तारीख. ६ ते १७ या बारा दिवसांच्या बारा गोळ्या गेल्या. म्हणजे आजची घेण्यापूर्वी अठरा उरायला हव्यात, घेतली असेल तर सतरा. मोजल्या, सतरा निघाल्या, वाद मिटला. मात्र मध्येच एखाद्या दिवशीची सुटली असेल, तर हा हिशेब एकाने चुकतो. म्हणून सुटलेल्या दिवसाची खूण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत करून ठेवावी. त्याहून सोपे म्हणजे, स्ट्रिप आणल्याबरोबर तिच्या पाठीमागच्या चंदेरी कागदावर प्रत्येक गोळीखाली बॉलपेनने तारीख लिहावी. मग मोजणेही नको. १८च्या घरात गोळी आहे की नाही, एवढेच पाहायचे.

मोजूनही उलगडा झाला नाही, तर? तर गोळी घेतली असे समजून त्या दिवशी पुन्हा घेऊ नये. एक गोळी चुकण्यातला तोटा लहान आहे, हे आपण वर पाहिले. चुकून दोन पोटात जाण्यातला तोटा वृद्ध शरीराला मोठा असू शकतो.

तो किती मोठा, हे अतिशयोक्ती न करता सांगायला हवे. ज्याला ५ मिलिग्रॅमची गोळी आहे, त्याने चुकून दोन घेतल्या, तर पोटात १० मिलिग्रॅम जाते. कित्येक रुग्णांना डॉक्टर तेवढी मात्रा मुद्दाम देतात. तेव्हा अशा चुकीने कुणी लगेच दगावत नाही. परंतु ज्याची मात्रा आधीच १० आहे, किंवा ज्याला टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन असे दुसरे औषधही चालू आहे आणि त्याने दोन दिवसांचा सगळा साठा एकदम घेतला, त्याची गोष्ट निराळी. त्यात वैशाखातले ऊन असेल, घाम गेलेला असेल, पाणी कमी प्यालेले असेल, तर रक्तदाब झपाट्याने खाली येऊ शकतो. अॅम्लोडिपिनचा जोर गोळी घेतल्यानंतर सहा ते बारा तासांनी सर्वाधिक असतो. सकाळी आठला दोन गोळ्या घेतलेला माणूस दहापर्यंत ठणठणीत असतो, ‘काही झाले नाही’ म्हणतो, आणि दुपारी तीनला खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडतो. काळजी घेणाऱ्याने हा उशीर ध्यानात ठेवावा.

म्हणून चुकून दुप्पट मात्रा गेली, तर त्या दिवशी आजी-आजोबांना एकटे सोडू नये. शेतावर, विहिरीवर पाठवू नये. फार गरम पाण्याने आंघोळ नको. उठताना आधी बसावे, पाय खाली सोडून मिनिटभर थांबावे, मग कशाचा तरी आधार घेऊन उभे राहावे. घरी यंत्र असेल, तर दर दोन-तीन तासांनी रक्तदाब पाहावा. नसेल, तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातील सिस्टरना बोलवावे आणि कोणत्या गोळ्या किती गेल्या, हे स्ट्रिप दाखवून सांगावे. रात्री लघवीला उठताना कुणीतरी सोबत असावे. पुढची गोळी कधी घ्यायची, हे दवाखान्यात विचारूनच ठरवावे. चक्कर येते आहे आणि वरचा आकडा शंभरच्या खाली आहे, शुद्ध हरपली, श्वास लागला, किंवा नाडी अतिशय मंद झाली, तर घरी वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दोनपेक्षा अधिक गोळ्या गेल्या असतील, तर लक्षणे दिसण्याचीही वाट पाहू नये.

आता अपवाद. काही औषधे अशी आहेत की, ती चुकली तर रक्तदाब पूर्वीच्या जागी परतून थांबत नाही. त्याहून वर उसळतो. त्यांत सर्वांत सावध राहावे, असे औषध म्हणजे क्लोनिडिन. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णांना ते पुष्कळदा दिले जाते आणि दिवसातून दोन-तीन वेळा घ्यायचे असते. त्याच्या लागोपाठ दोन-तीन मात्रा चुकल्या, तर डोके ठणकणे, छातीत धडधड, घाम, अस्वस्थता आणि रक्तदाबाची उसळी असे सर्व एका दिवसात होऊ शकते. ज्या घरात हे औषध आहे, तेथे ‘उद्या आणू’ हा शब्द चालत नाही. स्ट्रिप संपण्यापूर्वी आठ दिवस नवी आणलेली असावी. एकापेक्षा अधिक मात्रा चुकल्यास त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

दुसरा गट मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल या गोळ्यांचा. ही नावे ज्यांच्या स्ट्रिपवर आहेत, त्यांपैकी अनेकांना हृदयविकार झालेला असतो. एखादी मात्रा चुकल्यास वरचाच नियम चालतो, परंतु ही गोळी काही दिवस एकदम बंद पडली, तर छातीत दुखणे उद्भवू शकते. तसे झाले, तर ते ‘पित्त’ समजून अंगावर काढू नये.

तिसरे प्राझोसिन. त्याची खोड उलट आहे. ते काही दिवस सुटले आणि मग पूर्वीचीच मात्रा एकदम सुरू केली, तर पहिल्याच गोळीने रक्तदाब एवढा उतरतो की, माणूस उभ्याउभ्या कोसळतो. म्हणून त्यात दोन-तीन दिवसांचा खंड पडला, तर पुन्हा सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. बहुधा कमी मात्रेपासून, रात्री झोपताना सुरू करण्यास ते सांगतील.

आणि एक अपवाद असा की, जेथे गोळी न घेणेच योग्य असू शकते. उलट्या-जुलाब जोरात लागले आहेत, पोटात पाणी ठरत नाही, लघवी कमी झाली आहे, अशा वेळी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन चालूच ठेवल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो. पावसाळ्यात हा प्रसंग आपल्याकडे वरचेवर येतो. अशा वेळी दवाखान्यात गेल्यावर जुलाबाचे औषध घ्यावे आणि तेथेच ‘या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, घ्याव्यात की थांबवाव्यात?’ असे स्पष्ट विचारावे. बरे वाटून खाणेपिणे सुरू झाले, की त्या पुन्हा सुरू करावयाच्या असतात, हेही विचारून घ्यावे; थांबवलेली गोळी तशीच थांबून राहिली, असे पुष्कळदा होते.

उपवासाचे मात्र कारण नव्हे. श्रावणी सोमवारी किंवा एकादशीला पाण्याबरोबर गोळी घेतल्याने उपवास मोडत नाही, असे मानणारी मंडळी आपल्या घरात असतील, तर त्यांच्याकडूनच आजीची समजूत घालावी. वैद्यकीय युक्तिवादाचा तेथे फारसा उपयोग होत नाही, असे दिसते.

एक दिवस सुटण्याऐवजी चार-सहा दिवस सुटले, तर? लेकीकडे नागपूरला गेले आणि गोळ्या घरीच राहिल्या, असे घडते. परत आल्यावर अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन असल्यास नेहमीची एकच मात्रा नेहमीच्या वेळी सुरू करावी. चार दिवसांच्या चार नव्हे. रक्तदाब पूर्वपदावर यायला पुन्हा आठवडाभर लागेल. मध्यंतरी एकदा मोजून घ्यावा. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला आधार असावा, पाय जमिनीला टेकलेले असावेत, दंड हृदयाच्या पातळीवर असावा. आकडा जास्त आला, तर आणखी पाच मिनिटांनी पुन्हा मोजावा. १८०/१२०च्या घरात आकडा आहे आणि त्याबरोबर छातीत दुखते आहे, श्वास लागला आहे, एक हात-पाय लुळा पडला आहे, बोलणे अडखळते आहे, दृष्टी अंधूक झाली आहे, किंवा असह्य डोके दुखते आहे, तर १०८. आकडा तेवढाच आहे, पण यांतील काहीही नाही, तर चुकलेली नेहमीची मात्रा घेऊन विश्रांती घ्यावी आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना दाखवावे. एक जुनी प्रथा अजून कोठे कोठे टिकून आहे : निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकायची. ती कोणी सुचवली, तरी करू नये. रक्तदाब त्याने एकदम, बेहिशेबी खाली येतो आणि वृद्धांच्या मेंदूचा वा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

आता त्या शिल्लक राहिलेल्या गोळ्यांकडे वळू. या लेखात सर्वांत महत्त्वाचे मला जे वाटते, ते येथे आहे.

समजा, बहात्तर वर्षांच्या एका आजींना महिन्याच्या ३० गोळ्या मिळाल्या होत्या. रोवण्याच्या धांदलीत त्यांतल्या नऊ राहून गेल्या. तपासणीच्या दिवशी आकडा आला १६२/९४. सिस्टरनी विचारले, ‘आजी, गोळ्या घेता ना रोज?’ आजी म्हणाल्या, ‘घेतो ना बाई.’ खोटे बोलण्याचा हेतू नव्हता. रागावतील, एवढेच भय. डॉक्टरांनी साहजिकच असा निष्कर्ष काढला की, एका गोळीने भागत नाही. आणि टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम वाढवून दिली. इथपर्यंत कोणाचीच चूक नाही. पुढे रोवणा संपला, सून घरी राहू लागली आणि तिने मन लावून रोज सकाळी दोन्ही गोळ्या सासूबाईंच्या हातावर ठेवल्या. पंधरा दिवसांनी आजींचा रक्तदाब भरला १०६/६०; उठताना भोवळ येऊ लागली, आणि एके पहाटे त्या न्हाणीत पडल्या. ज्या दिवशी औषध पहिल्यांदा नियमित झाले, त्याच दिवसापासून ते जास्त होऊ लागले होते.

वास्तविक त्यांना एकच गोळी पुरली असती की नसती, हे कळण्याचा मार्ग एकच होता : तपासणीला जाताना जुनी स्ट्रिप बरोबर नेऊन ‘यातल्या नऊ राहिल्या’ असे सांगणे. मग डॉक्टरांनी मात्रा न वाढवता, महिनाभर नियमित घेऊन परत यायला सांगितले असते. शिल्लक गोळीचा उपयोग म्हणालो, तो हा. ती टाकून देऊ नये, शेजारणीला देऊ नये आणि तपासणीच्या आदल्या दिवशी लपवू तर मुळीच नये. काळजी घेणाऱ्यांनीही ‘का विसरलीस?’ असे न विचारता ‘किती राहिल्या?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला माणूस कारण शोधतो. दुसऱ्याला आकडा सांगतो.

याच संदर्भात आणखी एक. तपासणीला जायचे म्हणून त्या सकाळची गोळी न घेता जाणारे पुष्कळ असतात. रक्ताची तपासणी उपाशीपोटी असली, तरी रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेऊनच जावे. डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल, तेवढाच अपवाद. साखरेच्या गोळीचे मात्र तसे नाही. ती उपाशीपोटी घेऊ नये.

शेवटी वेळेविषयी. रक्तदाबाची गोळी रात्री घेणे अधिक गुणकारी, असे काही वर्षांपूर्वी बरेच बोलले जाई, आणि त्यामुळे कित्येकांनी आपली रुळलेली सकाळची वेळ मोडली. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘टाइम’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांमुळे येणारा मृत्यू यांच्या प्रमाणात सकाळी गोळी घेणारे आणि सायंकाळी घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. म्हणजे जी वेळ आपल्या घरात चुकत नाही, ती आपली वेळ. रोवण्याच्या दिवसांत सकाळ बेभरवशाची असेल, तर अॅम्लोडिपिन रात्रीच्या जेवणाबरोबर घेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. पण तेच दिवाळीनंतर उलटते, हेही खरे. मंडईचे दिवस येतात, गावोगावी रात्रभर नाटके रंगतात, आणि जेवणाची वेळ कोणाच्या हाती राहत नाही. असा बदल वर्षातून दोनदा करण्यापेक्षा बाराही महिने जी गोष्ट टळत नाही, तिला गोळी जोडलेली बरी. बहुतेक घरांत ती सकाळची पहिली चूळ असते; चहा पुढेमागे होतो, चूळ होत नाही. गोळीची डबी तेथेच, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही आणि पाणी उडणार नाही अशा उंचीवर ठेवावी.

वेळ बदलायचीच झाली, तर संक्रमणाच्या दिवशी गफलत होते. सकाळी आठची गोळी रात्री आठवर न्यायची असल्यास आज सकाळी घ्यावी आणि पुढची उद्या रात्री आठला. मध्ये छत्तीस तास जातात; अॅम्लोडिपिनला ते सहज पेलतात. आज सकाळी आणि आज रात्रीही, असे करू नये.

आणि ही सारी चर्चा लक्षात राहणार नाही, हे गृहीत धरून एका कागदावर मोठ्या अक्षरात पुढील मजकूर लिहून गोळ्यांच्या डबीशेजारी चिकटवावा. औषध व वेळ आपापली घालावी : ‘अॅम्लोडिपिन ५, रोज एक, सकाळी ८. विसरल्यास रात्री ८ पर्यंत घ्यावी. त्यानंतर आठवली तर आजची सोडावी, उद्या एकच. घेतली की नाही कळत नसेल, तर घेऊ नये. राहिलेल्या गोळ्या तपासणीला बरोबर न्याव्यात.’